दोन ग्रे टिक, चार मिनिटं आणि “Delete for everyone”

प्रश्न: काल रात्री ताईला पाठवायचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर चुकून माझ्या सरांना गेला. दुसरीकडे नोकरी मिळाल्याचं त्यात लिहिलं होतं आणि सोबत ऑफर लेटरचा फोटो होता. चार मिनिटांनी लक्षात आलं, तेव्हा दोन ग्रे टिक होत्या. लगेच दोन्ही “Delete for everyone” केलं. आता तिथे फक्त मेसेज डिलीट केल्याचं दिसतंय. सरांनी वाचलं असेल का? कसं कळेल? आणि मी काही बोलू की गप्प बसू?

उत्तर:

सरांनी वाचलं की नाही, हे तुमच्या फोनवरून आता कळणार नाही. कोणत्याही युक्तीने नाही. जे कळू शकलं असतं ते डिलीट करण्याआधीच्या काही सेकंदांत कळलं असतं, आणि त्या घाईत ते कोणालाच सुचत नाही. पण त्या चार मिनिटांत सरांच्या फोनवर काय काय घडू शकतं, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. काय बोलायचं हे त्या अंदाजावरच ठरवायला हवं, म्हणून आधी तोच बांधू. मी बरीच वर्षं ऑफिसांमध्ये आयटी सपोर्टचं काम करते. चुकीच्या माणसाला गेलेला मेसेज घेऊन माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांची संख्या पासवर्ड विसरणाऱ्यांच्या खालोखाल असेल.

पहिली गोष्ट समजून घ्या. “Delete for everyone” दाबल्यावर तुमचा फोन सरांच्या फोनमध्ये शिरून काही पुसत नाही. तो सरांच्या फोनला आणखी एक मेसेज पाठवतो. तो मेसेज चॅटमध्ये दिसत नाही. त्यात एवढंच असतं की अमुक क्रमांकाचा मेसेज मी मागे घेतोय, तो काढून टाक. सरांच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप ही सूचना वाचतं, त्या क्रमांकाचा मेसेज शोधतं आणि त्याच्या जागी “This message was deleted” अशी ओळ ठेवतं. म्हणजे पुसण्याचं काम सरांचा फोन करतो, तुमचा नाही. ते काम झालं की नाही, याची पोच तुम्हाला मिळत नाही. तुमच्या चॅटमध्ये “You deleted this message” दिसतं, त्याचा अर्थ तुमच्याकडून सूचना निघाली, इतकाच. सरांकडे व्हॉट्सअ‍ॅपची फार जुनी आवृत्ती असली तर डिलीट होणं फसूही शकतं, आणि फसलं तरी तुमच्या स्क्रीनवर वेगळं काही दिसत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. अ‍ॅपच्या आत जे आहे ते अ‍ॅप पुसू शकतं. जे अ‍ॅपच्या बाहेर गेलं, मग ते नोटिफिकेशनमध्ये असो, गॅलरीत असो की माणसाच्या डोळ्यांत, ते त्याच्या हातात राहत नाही.

आता तुमच्या दोन ग्रे टिक. एक टिक म्हणजे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरपर्यंत गेला. दोन ग्रे म्हणजे तो सरांच्या फोनवर किंवा त्यांनी जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर पोचला. हे दुसरं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सरांचा लॅपटॉप व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेला असेल तर दुसरी टिक त्या लॅपटॉपमुळेही आलेली असू शकते, आणि फोन तेव्हा बंद पडलेलाही असू शकतो. ब्लू टिक म्हणजे चॅट उघडलं गेलं. पण ब्लू टिक नव्हती म्हणजे वाचलं नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका. सरांनी रीड रिसीट बंद ठेवली असेल तर समोरासमोरच्या चॅटमध्ये ब्लू टिक कधीच येत नाही. शिवाय नोटिफिकेशनमध्ये किंवा चॅटच्या यादीत नावाखाली दिसणारी ओळ वाचली, तर चॅट न उघडताच मजकूर कळतो आणि टिक ग्रेच राहते.

म्हणून तुमच्या बाबतीत खरा प्रश्न ब्लू टिकचा नाहीच. त्या चार मिनिटांत सरांनी नोटिफिकेशन पाहिलं का, हा आहे.

नोटिफिकेशनमध्ये काय दिसलं असेल ते तुम्ही काय आणि कोणत्या क्रमाने पाठवलं यावर अवलंबून आहे. मेसेजची सुरुवात “ताई, एक चांगली बातमी आहे” अशी असेल आणि नोकरीचं नाव चौथ्या ओळीत असेल, तर लॉक स्क्रीनवर कदाचित फक्त “ताई” दिसलं असेल. पहिल्याच ओळीत “ऑफर लेटर आलं” असेल तर तेच दिसलं असेल. फोटो मजकुरानंतर गेला असेल तर तोही आता महत्त्वाचा ठरतो, कारण काही अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन खाली ओढलं की फोटोची छोटी प्रतिमा तिथेच दिसते. त्या आकारात लेटरमधला मजकूर वाचता येत नाही, पण लेटरहेड ओळखता येऊ शकतं. सरांनी लॉक स्क्रीनवर मजकूर लपवण्याचं सेटिंग ठेवलं असेल तर फक्त “मेसेज आला” इतकंच कळलं असेल.

तुम्ही डिलीट केल्यावर सूचना सरांच्या फोनवर पोचली की ते नोटिफिकेशनही बदलतं. मूळ ओळ जाते आणि मेसेज हटवल्याचं दिसतं किंवा नोटिफिकेशनच निघून जातं. पण अँड्रॉइडमध्ये 11व्या आवृत्तीपासून नोटिफिकेशन हिस्टरी नावाची सोय आहे. ती आधीपासून सुरू केलेली असेल तर गेल्या 24 तासांत आलेली नोटिफिकेशन्स तिथे दिसतात, नंतर पुसलेल्या मेसेजचीसुद्धा. ती मुळात बंद असते, ज्याला हवी तो सुरू करतो. शिवाय आलेली प्रत्येक सूचना साठवून ठेवणारी वेगळी अ‍ॅप्सही मिळतात आणि ‘डिलीट केलेले मेसेज वाचा’ अशा जाहिरातीवर ती खपतात. ही अ‍ॅप्स व्हॉट्सअ‍ॅप फोडत नाहीत. आलेलं नोटिफिकेशन फक्त टिपून ठेवतात. त्यामुळे नोटिफिकेशन आलंच नसेल, म्हणजे तुमचं चॅट सरांनी म्यूट केलेलं असेल किंवा त्या वेळी चॅट त्यांच्यासमोर उघडंच असेल, तर या अ‍ॅप्सच्या हाती काही लागत नाही. आपले सर असलं अ‍ॅप वापरत असतील का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझ्या अनुभवात साहेब मंडळींच्या फोनवर ते क्वचित दिसतं.

फोटोचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि मला काळजी मजकुरापेक्षा त्याची जास्त वाटते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो आपोआप डाउनलोड होण्याची सोय असते. सरांकडे ती सुरू असेल, तर चार मिनिटं कशाला, चार सेकंदांतही फोटो उतरतो. पुढे काय होतं ते फोनवर अवलंबून आहे. अँड्रॉइडवर गॅलरीत दिसणारा फोटो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्याच फोल्डरमधली फाइल असते. डिलीटची सूचना आली की अ‍ॅप ती फाइल काढतं आणि गॅलरीतूनही फोटो जातो. आयफोनवर आलेले फोटो आपोआप फोटोंच्या संग्रहात ठेवण्याचं सेटिंग सुरू असेल, तर तिथे फोटोची स्वतंत्र प्रत बनते. ती प्रत पुसायची तर आयफोन मालकाला विचारतो आणि मालकाच्या होकाराशिवाय कोणत्याही अ‍ॅपला पुसू देत नाही. त्यामुळे चॅटमधून फोटो जातो, पण संग्रहात तो राहू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या मदत पानावरही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे सरांकडे आयफोन आहे का, ही एक गोष्ट तुम्ही आज शोधू शकता. असेल तर ऑफर लेटर त्यांच्या सहलीच्या फोटोंच्या रांगेत पडून असण्याची शक्यता धरून चाला.

अंदाजावर विश्वास बसत नसेल तर करून पाहा. मी लोकांना हेच करायला सांगते, कारण त्यानेच मन थाऱ्यावर येतं. घरातल्या कोणाचा तरी फोन घ्या, शक्यतो सरांकडे आहे त्याच प्रकारचा. त्याची स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवा. मग तुमच्या फोनवरून त्याच लांबीचा, तशाच सुरुवातीचा मेसेज आणि एखादं जुनं पत्र फोटो म्हणून पाठवा. लॉक स्क्रीनवर काय उमटतं ते बघा, चार मिनिटं थांबा, दोन्ही डिलीट करा आणि मग नोटिफिकेशन, चॅट आणि गॅलरी अशा तिन्ही जागा तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. मूळ मेसेजची वाक्यरचना आठवत असेल तर ताईला पुन्हा लिहिल्यासारखं लिहा, म्हणजे पहिल्या ओळीत नेमकं किती दिसतं ते कळेल.

हाच प्रयोग करताना आणखी एक गोष्ट पाहता येईल, ती तुमच्या बाबतीत घडलेली नाही पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. समोरच्याने तुमच्या मेसेजला कोट करून उत्तर दिलं आणि नंतर तुम्ही मूळ मेसेज डिलीट केला, तर त्या उत्तराच्या वरच्या चौकटीत तुमचा मजकूर तसाच राहू शकतो. फॉरवर्ड केलेल्या प्रतींचंही तेच. ती प्रत म्हणजे दुसराच मेसेज, दुसऱ्या क्रमांकाचा. तुमची सूचना तिच्यापर्यंत जातच नाही.

आता डिलीट करण्याआधीच्या त्या काही सेकंदांबद्दल सांगते, कारण पुढच्या वेळी ते उपयोगी पडेल. मेसेजवर बोट दाबून धरून “Info” उघडलं की तो कधी पोचला आणि कधी वाचला गेला त्या वेळा दिसतात. ग्रुपमध्ये तर कोणाकोणापर्यंत पोचला आणि कोणी वाचला, ती नावंच दिसतात. डिलीट केल्यावर ही माहिती जाते. म्हणून दोन सेकंद काढून तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि मगच डिलीट करायचं. तुम्ही ते केलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, घाबरलेला माणूस आधी पुसायलाच धावतो.

या धावण्यात एक चूक मात्र वारंवार होते आणि ती महागात पडते. “Delete for everyone” ऐवजी बोट “Delete for me” वर पडतं. मेसेज तुमच्या फोनवरून जातो, समोरच्याकडे जसाच्या तसा राहतो, आणि तुमच्याकडे तो उरलेलाच नसल्याने सर्वांसाठी डिलीट करण्याचा मार्गही बंद होतो. डिसेंबर 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपने यावर उपाय दिला आहे. खाली काही सेकंदांसाठी “Undo” दिसतं. ते दाबलं की मेसेज परत येतो आणि मग योग्य पर्याय निवडता येतो. पण माझ्याकडे येणारे लोक तोपर्यंत फोन खाली ठेवून डोक्याला हात लावून बसलेले असतात आणि ते काही सेकंद निघून जातात. तसंच, घाबरून संपूर्ण चॅट उडवलं किंवा अ‍ॅपच काढून टाकलं तर समोरच्याच्या फोनवर काहीच फरक पडत नाही. ब्लॉक करायचंच असेल तर तेही डिलीटच्या नंतर, आधी नाही. कारण डिलीट हासुद्धा पाठवण्याचा मेसेज आहे, आणि तो जाण्यासाठी वाट मोकळी हवी.

वेळेची घाई तुम्हाला नव्हती, हेही सांगते. 2017 साली ही सोय आली तेव्हा मुदत 7 मिनिटांची होती, पुढे ती तासाभराच्या थोडी वर गेली, आणि 2022 पासून दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त आहे. म्हणजे मुदत संपण्याची भीती बाळगायचं कारण नव्हतं. घाई होती ती सरांनी फोन हातात घेण्याआधी पुसण्याची. एकच टिक असती तर गोष्ट सोपी होती. सरांचा फोन बंद असताना मूळ मेसेज सर्व्हरवर थांबतो, जास्तीत जास्त 30 दिवस. डिलीटची सूचनाही तिथेच जाऊन थांबते. फोन सुरू झाला की दोन्ही एकामागोमाग पोचतात आणि बहुतेक वेळा माणसाला फक्त हटवल्याची ओळ दिसते. नोटिफिकेशन क्षणभर लुकलुकून गेलं तरच काही निसटतं.

दुसरं अ‍ॅप असतं तर हिशेब वेगळा झाला असता. टेलिग्रामच्या वैयक्तिक चॅटमध्ये 2019 पासून दोन्ही बाजूंचा मेसेज कधीही काढता येतो आणि मागे कसलीही ओळ उरत नाही. सिग्नलमध्ये मुदत 24 तासांची आहे. आयफोनच्या आयमेसेजमध्ये ती फक्त 2 मिनिटं आहे, आणि समोरच्याच्या फोनवर आयओएस 16 च्या आधीची आवृत्ती असेल तर मेसेज तिकडे राहतोच. तुमची चार मिनिटं तिथे चालली नसती.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, बोलायचं की नाही. यावर माझं मत पक्कं आहे: बोला. सरांनी मजकूर वाचलेला नसला तरी मेसेज हटवल्याची ओळ त्यांच्या चॅटमध्ये दिसतेच आहे, तीही दोनदा, कारण मजकूर आणि फोटो असे दोन वेगळे मेसेज होते. हाताखालच्या माणसाने रात्री दोन मेसेज पाठवून पुसले, हे पाहून कोणीही विचार करतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्या रिकाम्या जागेत सर स्वतःचा अर्थ भरतील. वाचलं असेल तर तुमचं गप्प राहणं लपवाछपवी वाटेल. दोन्ही परिस्थितींत खरं ठरेल असं एकच वाक्य लिहायचं. माझ्या शब्दांत ते असं होईल:

“सर, काल रात्री तुम्हाला चुकून माझे दोन खासगी मेसेज गेले होते, म्हणून ते डिलीट केले. त्रासाबद्दल माफ करा.”

बस, एवढंच. यात मेसेज काय होता हे नाही, आणि “वाचलात का?” हा प्रश्नही नाही. तो प्रश्न विचारला की सरांना एकतर खरं सांगून अवघडावं लागतं, नाहीतर खोटं बोलावं लागतं. आणि फोटोत काय होतं याबद्दल त्यांचं कुतूहल वाढतं ते वेगळंच. मुलाने फोन घेतला होता, फोन हॅक झाला होता, असलं काही अजिबात लिहू नका. ऑफर लेटरवर तुमचं नाव आहे. त्यांनी ते पाहिलं असेल तर तुम्ही चुकलात यापेक्षा खोटं बोललात हे त्यांच्या लक्षात राहील.

काही जण विचारतात की पुसण्याऐवजी मेसेज एडिट करून वेगळंच काही लिहिलं असतं तर? 15 मिनिटांच्या आत मजकूर बदलता येतो हे खरं, आणि बदलाचं नवं नोटिफिकेशनही जात नाही. पण पाठवलेला फोटो एडिट करून बदलता येत नाही, मजकुराशेजारी “Edited” असा शिक्का दिसतो, आणि सरांनी पहिलं नोटिफिकेशन पाहिलं असेल तर तुम्ही समोरासमोर खोटं पेरलंत असा त्याचा अर्थ होतो. टायपिंगची चूक सुधारायला एडिट चांगलं. चुकीच्या माणसाला गेलेल्या मेसेजला डिलीटच बरं.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला याहून कडक असता. मागे माझ्याकडे एक सहकारी आली होती. तिने 40 लोकांच्या पगाराची शीट चुकीच्या ग्रुपवर टाकली आणि नऊ मिनिटांनी डिलीट केली. सुदैवाने तिने आधी “Info” उघडून पाहिलं होतं, त्यात सात जणांनी वाचल्याचं दिसत होतं. आम्ही त्या सात जणांना एकेक करून फोन केला, शीट उतरवली किंवा पुढे पाठवली का ते विचारलं आणि असेल तर काढायला लावली. दोघांनी ती उतरवली होती. तिने वरिष्ठांनाही त्याच दिवशी कळवलं. कारण ती माहिती तिची एकटीची नव्हती, ज्यांचे पगार उघडे पडले त्यांची होती. “सगळ्यांसाठी डिलीट केलंय” एवढ्यावर ते प्रकरण मिटवता आलं नसतं. तुमच्या फोटोत फक्त तुमचीच माहिती असेल तर तुम्ही एवढ्या लांब जायची गरज नाही. लेटरमध्ये दुसऱ्या कोणाचा नंबर किंवा ईमेल असेल, उदाहरणार्थ नव्या कंपनीतल्या एचआरचा, तर तेवढं त्या माणसाच्या कानावर घालून ठेवा.

काय घडलंय ते ठाऊक नसताना मी काय धरून चालले असते, ते सांगते. मजकुराबद्दल, सरांनी पहिली ओळ पाहिली असेल असं. फोटोबद्दल, अँड्रॉइड असेल तर तो बहुधा गेला आणि आयफोन असेल तर तो राहिला असं. त्यामुळे नवी नोकरी नक्की झाली असेल आणि राजीनामा महिन्याअखेर द्यायचा विचार असेल, तर तो दोन-चार दिवसांवर आणा. सरांना बातमी तुमच्या तोंडून मिळणं आणि फोटोंच्या रांगेत सापडणं यात फरक पडतो. नोकरी अजून नक्की नसेल तर वरचं एक वाक्य पाठवा आणि सर स्वतःहून विषय काढेपर्यंत थांबा. त्यांनी विचारलंच तर खरं सांगा.

वाक्य आज ऑफिस सुरू होण्याआधी पाठवा. रात्री उशिरा नको, त्या वेळेचे दोन मेसेज त्यांनी आधीच पाहिलेत. आणि पाठवण्याआधी वरचं नाव एकदा वाचा.